दोन मुख्य सर्व्हरांचा पेच

समजा, एखाद्या पतसंस्थेचा मुख्य सर्व्हर जळगावात आणि त्याची प्रत धुळ्यात आहे. दोहोंमधला संपर्क तुटला, तर जळगावचा सर्व्हर बंद पडला की केवळ तार तुटली हे धुळ्याला कळत नाही, आणि त्याने स्वतःला मुख्य ठरवले, तर एकाच खात्यातील तीच शिल्लक दोन्हीकडून काढली जाऊ शकते. या दुभंगाला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. म्हणून नाशिकला खाती न साठवणारा, केवळ मत देणारा साक्षी संगणक ठेवतात. तीनपैकी दोन मतांचा कोरम ज्याच्याकडे, तोच नोंदी लिहितो.

मात्र काही क्षण गोठून पुन्हा जागा झालेल्या जळगावला आपले पद गेल्याचे ठाऊक नसते. यासाठी धुळ्याने सूत्रे घेण्यापूर्वी स्वतंत्र मार्गाने जळगावचा वीजपुरवठा तोडला जातो, यालाच फेन्सिंग म्हणतात, आणि तोडल्याची पोच न आल्यास सेवा बंद राहिली तरी थांबणेच इष्ट. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेत गिटहबच्या केंद्रांमधला संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. बहुमताने नवे मुख्य सर्व्हर निवडले गेले, तरी जुन्यांकडे प्रत न झालेल्या नोंदी राहिल्या आणि सेवा २४ तासांहून अधिक काळ विस्कळीत झाली.