वेगाला खबर उशिरा लागते

साखर कारखान्यातल्या सेंट्रिफ्युगलची जड टोपली दर खेपेला सावकाश फिरत भरून घेते, मग जोरात फिरून मळी बाहेर फेकते आणि शेवटी साखर काढण्यासाठी पुन्हा मंदावते. असं यंत्र डीसी मोटरवर चालवायचं, तर मोटरला किती व्होल्ट द्यायचे हे ठरवणारा ड्राइव्ह लागतो. पहिल्यांदा सुचते ती रचना सोपी आहे. वेग मोजायचा, हव्या त्या वेगाशी ताडून पाहायचा, कमी असेल तर व्होल्टेज वाढवायचं. कागदावर हे ठीक दिसतं, पण प्रत्यक्षात पहिल्याच स्टार्टला फ्यूज उडेल.

का ते आकड्यांत पाहू. मोटर 440 व्होल्टची आणि 100 अँपिअरची आहे, आर्मेचरचा रोध 0.2 ओहम आहे असं धरू. मोटर फिरू लागली की ती स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करते. पूर्ण वेगाला ते 420 व्होल्ट असेल, तर उरलेले 20 व्होल्ट भागिले 0.2 म्हणजे बरोबर 100 अँपिअर. पण मोटर थांबलेली असते तेव्हा हे उलट व्होल्टेज शून्य असतं. त्या वेळी 440 व्होल्ट सरळ दिले, तर प्रवाह 2200 अँपिअरकडे धावतो, बावीस पट! वेगावर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलरला यातलं काहीच दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं की टोपली अजून हललेली नाही, म्हणून तो आणखी व्होल्टेज मागतो.

पूर्ण वेगाला आल्यावरही धोका टळत नाही. लाइनच्या झोक्याने मोटरवरचं व्होल्टेज फक्त 10 ने उतरलं, तर 20 चे 10 उरतात आणि प्रवाह निम्म्यावर येऊ लागतो. आर्मेचरचं इंडक्टन्स 4 मिलिहेन्री असेल, तर हा बदल साधारण 60 मिलिसेकंदांत जवळजवळ पुरा होतो. तेवढ्या वेळात जड टोपलीचा वेग जेमतेम ढळलेला असतो. प्रवाह बिघडतो लगेच, वेगाला मात्र ते कळतं फार उशिरा.

म्हणून काम दोघांत वाटतात. बाहेरचा लूप वेग पाहतो, पण व्होल्टेजला हात लावत नाही; तो फक्त "इतका प्रवाह हवा" असं सांगतो. मोटरचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात असतो, तेव्हा ही खरं तर जोराचीच मागणी झाली. तिला वरून मर्यादा घातलेली असते, समजा 150 अँपिअर. आतला लूप तो प्रवाह मोजतो आणि थायरिस्टर केव्हा पेटवायचे ते ठरवून मागणी पुरी करतो. वेगवाल्याने कितीही घाई केली, तरी 150 च्या वर काही जात नाही.

आता आतल्याला एवढं चपळ का असावं लागतं? दोघांची चाल सारखीच आहे असं समजा. वेग कमी दिसला म्हणून बाहेरच्याने प्रवाह मागितला. तो अजून पोचलेला नाही, वेग तसाच आहे, म्हणून त्याने आणखी मागितला. मग सगळा प्रवाह एकदम येऊन पोचतो आणि वेग पुढे निघून जातो. आता मागणी कमी केली, तरी जुनी मागणी अजून पुरी होतच असते. मोटर कधी पुढे, कधी मागे अशी झोके घेत राहते. कारखान्यात याला हंटिंग म्हणतात.

हिशेबाच्या भाषेत, टोपलीच्या जडपणामुळे वेग प्रवाहाच्या 90 अंश मागे असतोच. एकूण पिछाडी 180 अंशांवर गेली, की दुरुस्तीचा धक्का नेमका चुकीच्या वेळी बसतो. आतला लूप जेमतेम पेलेल अशा गतीने बाहेरचा चालला, तर आतून आणखी 45 अंशांची भर पडते आणि वेगाच्या कंट्रोलरची स्वतःची पिछाडी वेगळीच. बाहेरचा दहापट संथ ठेवला, तर ती भर सहा अंशांच्या आत राहते. व्यवहारात पाच ते दहापट फरक ठेवतात.

मग आतला लूप शंभरपट जलद का करत नाहीत? तीन फेजच्या सहा थायरिस्टरांच्या ब्रिजमध्ये 50 हर्ट्झला सेकंदाला 300 वेळा थायरिस्टर पेटतात. म्हणजे 3.3 मिलिसेकंदांतून एकदाच निर्णय बदलता येतो. आतल्याचा प्रतिसाद पंधरा-वीस मिलिसेकंदांच्या फार खाली खेचला, तर तोच डळमळू लागतो. बाहेरच्याची गती किती असू शकते, ते इथेच ठरतं.

जुळवणीही आधी आतूनच करतात. फिल्ड बंद ठेवायचं, शाफ्ट अडवून ठेवायचा, प्रवाहाची छोटी पायरी द्यायची आणि तो किंचित वर जाऊन पटकन स्थिरावतो का ते ऑसिलोस्कोपवर पाहायचं. हे जमल्यावरच वेगाच्या लूपला हात लावायचा.

पुढे मोटर झोके घेऊ लागली, तर मागितलेला आणि मिळालेला प्रवाह स्कोपवर एकत्र लावून पाहावा. मिळालेला मागणीमागे बिनचूक जात असेल आणि दोन्ही सोबत हेलकावत असतील, तर आतला निर्दोष आहे. वेगाचा गेन उतरवावा, टॅकोचं कपलिंग सैल नाही ना ते पाहावं. मागणी शांत असून प्रवाह थरथरत असेल, तर वेगाच्या गेनला हात न लावता आतला लूप तपासावा.