घाम न येणारा चट्टा: केसाचं मूळ, तैलग्रंथी, स्वेदग्रंथी आणि त्यांच्या नसा

मागच्या व्याख्यानात आपण त्वचेचे थर पाहिले. आज त्या थरांत खोल रुतून बसलेल्या तीन रचनांकडे जाऊ या. एक केसाचं मूळ, दुसरी तैलग्रंथी आणि तिसरी स्वेदग्रंथी, म्हणजे घामाची ग्रंथी. पाठ्यपुस्तकात या तिघींची आकृती एकाच पानावर असते आणि नसांच्या दोन-चार रेघा काढून विषय संपवलेला असतो. आज आपण त्या रेघांपासूनच सुरुवात करणार आहोत, कारण आपल्याकडच्या एका जुन्या आजाराचं निदान त्या रेघांवर अवलंबून आहे. तो आजार म्हणजे कुष्ठरोग. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आजही सापडतात.

समजा, उल्हासनगरमध्ये जीन्स शिवणारा तिशीतला एक कारागीर आहे. त्याच्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या खाली, रुपयापेक्षा थोडा मोठा फिकट चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही, म्हणून सहा-आठ महिने कुणी लक्ष दिलं नाही. कुणी गजकर्णाचं मलम दिलं, कुणी म्हणालं कॅल्शियम कमी आहे. एप्रिलमध्ये बदलापूर-अंबरनाथ भागात पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसलेल्या माणसाचा सगळा हात घामाने चमकतो. याचाही चमकत होता, फक्त तो चट्टा सोडून. तिथे कोरडं. शिवाय त्या जागी लव विरळ झालेली. ही दोन निरीक्षणं त्याच्या बायकोने केली असं धरा, कारण प्रत्यक्षातही बहुधा घरातलंच कुणीतरी हे बघतं.

आता सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ. स्वेदग्रंथी म्हणजे एकच लांब नळी. तिचं खालचं टोक अंतस्त्वचेच्या तळाशी, चरबीच्या सीमेवर, गुंता झालेल्या दोऱ्यासारखं गुंडाळलेलं असतं. स्लाइडवर हा गुंता एकदम कापला जातो, म्हणून एकाच ग्रंथीची आपल्याला आठ-दहा वर्तुळं जवळजवळ दिसतात. नव्या विद्यार्थ्याला त्या आठ-दहा ग्रंथी वाटतात. त्या वर्तुळांतली काही फिकट असतात, तिथे घाम तयार होतो. त्यांच्या बाहेरून आकुंचन पावणाऱ्या चपट्या पेशींचा वेढा असतो. काही वर्तुळं गडद असतात, त्यांत पेशींचे दोन थर दिसतात, तो घाम वर नेणारा मार्ग. वर जाताजाता या मार्गात मीठ परत शोषलं जातं, म्हणून घाम रक्तद्रवापेक्षा कमी खारट असतो. शेवटी बाह्यत्वचेतून ही नळी स्क्रूसारखी वळत बाहेर पडते. ती वाट तोंडाशी बुजली की होतं ते घामोळं. आपल्या शरीरावर अशा वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. काखेतली मोठी घामग्रंथी वेगळ्या जातीची आहे, ती आज बाजूला ठेवू.

तैलग्रंथी केसाच्या मुळाला चिकटलेली असते, द्राक्षाच्या घडासारखी. हिच्या आत पोकळी नसते. कडेच्या लहान पेशी वाढतात, तेलाने फुगतात, मध्याकडे सरकतात आणि शेवटी पेशीच फुटते. फुटलेली पेशी हाच स्राव. स्लाइडवर त्या पेशी फेसासारख्या पांढऱ्या दिसतात, पण ते तेल नव्हे. ऊतक मेणात बसवण्याआधी ज्या द्रवांतून जातं, त्यांत तेल विरघळून जातं आणि रिकामी जागा उरते.

केसाचं मूळ या तिन्हींत सर्वांत गुंतागुंतीचं आहे, पण आपल्याला त्यातल्या दोनच जागा लागतील. तैलग्रंथीच्या थोडं खाली मुळाच्या बाजूला एक फुगवटा असतो. तिथे केस पुन्हा उगवण्यासाठी राखीव ठेवलेल्या पेशी असतात. त्याच फुगवट्याला एक छोटासा स्नायू चिकटलेला असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की अंगावर काटा येतो, तो हाच स्नायू आखडल्यामुळे.

आता नसा. इथे तिघींची गोष्ट वेगवेगळी आहे, आणि हीच या व्याख्यानातली लक्षात ठेवायची जागा.

केसाच्या मुळाभोवती, तैलग्रंथीच्या जरा खाली, संवेदनेच्या तंतूंची एक माळ असते. भाल्याच्या पात्यासारखी त्यांची टोकं मुळाला लागून उभी असतात. मनगटावरच्या एका केसाला हलकेच बोट लावून बघा. त्वचेला स्पर्श न होताही कळतं, ते या माळेमुळे. म्हणजे केस हे एक प्रकारे स्पर्शाचं यंत्र आहे. काटा आणणाऱ्या स्नायूला सहानुभूती मज्जासंस्थेचा तंतू मिळतो आणि तो नॉरॲड्रेनलिन सोडतो.

स्वेदग्रंथीलाही त्याच सहानुभूती मज्जासंस्थेचे तंतू मिळतात, पण ते नॉरॲड्रेनलिन नव्हे, ॲसिटिलकोलिन सोडतात. या मज्जासंस्थेत हा अपवाद आहे, आणि परीक्षेत हमखास विचारला जाणारा. ग्रंथीचा गुंता या तंतूंनी जाळ्यासारखा वेढलेला असतो.

आणि तैलग्रंथी? तिला जवळजवळ कुणीच बोलावत नाही. तिचं काम हार्मोनवर चालतं, मुख्यतः पुरुषी हार्मोनवर, म्हणून वयात येताना चेहरा तेलकट होतो. नस तुटली म्हणून तैलग्रंथी लगेच बंद पडत नाही. पापणीच्या कडेला असलेल्या तैलग्रंथी मात्र याला अपवाद, त्यांना नसा मिळतात.

स्पर्शाचे, उष्ण-थंड कळण्याचे आणि घामाचे तंतू वेगवेगळ्या रस्त्यांनी येत नाहीत. त्वचेत शिरताना ते एकाच बारीक नसेत गुंडाळलेले असतात, आणि कुष्ठरोगाचा जंतू त्या नसेच्या आवरणपेशींतच घर करतो. म्हणून कारागिराच्या चट्ट्यात बधिरपणा आणि कोरडेपणा एकत्र आले. बारीक तंतू आधी जातात, त्यामुळे गरम-थंड कळणं आधी मंदावतं आणि कापसाचा स्पर्श काही काळ टिकूनही राहतो. फक्त कापूस फिरवून "संवेदना आहे" असं लिहून मोकळं होऊ नये. एका परीक्षानळीत कोमट आणि दुसरीत गार पाणी घेऊन, डोळे मिटवून, चट्टा आणि शेजारची चांगली त्वचा यांची तुलना करावी.

घामाची परीक्षाही करता येते. चट्ट्यावर आणि शेजारी आयोडीन लावून वाळू देतात, वर स्टार्चची पूड भुरभुरतात आणि माणसाला घाम येऊ देतात. जिथे घामाचं छिद्र चालू आहे तिथे निळा-काळा ठिपका उमटतो. आपल्या कारागिराच्या हातावर चट्ट्याची हद्द ठिपक्यांच्या अभावानेच आखली जाईल. घाम आणण्यासाठी पायलोकार्पिन टोचूनही ही चाचणी करतात. इथे एक रास्त शंका येते. पायलोकार्पिन तर थेट ग्रंथीवर काम करतं, मग नस मेली तरी घाम यायला हवा! सुरुवातीला येतोही. पण नस तुटून काही आठवडे गेले की नसेविना ग्रंथी प्रतिसाद देणंच सोडते. ही चाचणी चेहऱ्यावर आणि लहान मुलांत विशेष कामाची. चेहऱ्याला नसांचा पुरवठा इतका दाट असतो की संवेदना तपासून फसगत होते, आणि लहान मूल नीट सांगू शकत नाही.

शंका उरली तर बायोप्सी. चार-पाच मिलिमीटरचा गोल तुकडा, चट्ट्याच्या जिवंत कडेवरून, आणि चरबीपर्यंत खोल. ही खोली महत्त्वाची आहे. घामाचा गुंता आणि बऱ्याच नसा चरबीच्या सीमेवर असतात. तुकडा वरवरचा घेतला तर पाहायची जागाच बाटलीत येत नाही आणि अहवाल येतो, "विशेष काही नाही." रुग्ण घरी जातो आणि नस मरत राहते.

आपल्या कारागिराचा तुकडा नीट खोल आहे असं धरू. दाहपेशींचे गट गोल नाहीत, लांबट आहेत, आणि तिरपे वर जातात. ते नसेच्या वाटेने चालले आहेत, म्हणून तो आकार. एक गट घामाच्या गुंत्याला वेढतोय, एक काटा आणणाऱ्या स्नायूत शिरलाय. नस शोधायला जावं तर ती सापडत नाही, किंवा गटाच्या पोटात तिचे तुकडे दिसतात. साध्या रंगात बारीक नसा ओळखणं कठीण जातं, म्हणून एस-१०० नावाचा रंग लावतात. तो आवरणपेशी तपकिरी करतो आणि मोडलेली नस उठून दिसते. सारकॉइडोसिस नावाच्या दुसऱ्या आजारातही असेच गट होतात, पण तिथे ते गोल असतात आणि नसा सहसा शाबूत. जंतूंसाठी फाइट-फॅराको रंग लावतात, पण अशा एका चट्ट्याच्या रुग्णात जंतू इतके कमी असतात की बहुतेक वेळा दिसत नाहीत. जंतू दिसले नाहीत म्हणून कुष्ठरोग नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता याहून मोठी हानी. समजा त्वचेतली बारीक नस नव्हे, कोपरामागची मोठी नस गेली. तळहाताची करंगळीकडची बाजू बधिर होते आणि तिथला घाम थांबतो. तळहात आणि तळपाय यांवर केस नाहीत, म्हणून तैलग्रंथीही नाहीत. तिथे ओलाव्याचा एकच पुरवठा होता, घामाचा, आणि तोही गेला. त्वचा सुकते, भेगा पडतात, भेगांतून जंतू शिरतात आणि दुखत नसल्यामुळे माणूस काम करत राहतो. बोटं झडतात ती जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे, अशा न कळलेल्या जखमांमुळे. म्हणूनच रुग्णाला रोज सांगितलं जातं की हात-पाय साध्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि अंग ओलसर असतानाच तेल चोळा. पाणी घामाचं काम करतं आणि तेल ते पाणी अडवून धरतं.

*श्रोत्यांमधून प्रश्न: पांढऱ्या कोडातही चट्टा पडतो. मग फरक कसा ओळखायचा?*

कोडात रंग बनवणाऱ्या पेशी जातात, नसा नाही. त्यामुळे चट्टा खडूसारखा पांढरा होतो, केस पांढरा होऊ शकतो पण जागेवर असतो, घाम येतो आणि गरम-थंड नीट कळतं. कुष्ठरोगाचा चट्टा पूर्ण पांढरा होत नाही, फिकट किंवा तांबूस राहतो.

*प्रश्न: औषध घेतल्यावर घाम परत येतो का?*

नस किती शिल्लक आहे त्यावर आहे. अनेक औषधांचा एकत्र उपचार १९८२ पासून सुरू आहे आणि सरकारी दवाखान्यांत तो मोफत मिळतो. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. जंतू त्याने मरतात. पण पूर्ण मेलेली नस त्या गोळ्यांनी उगवत नाही, त्यामुळे जुन्या चट्ट्यात रंग परतला तरी कोरडेपणा राहू शकतो. नस नुकतीच सुजलेली असेल, दाबल्यावर दुखत असेल, तर स्टेरॉइड वेळेत दिल्यास बरंच वाचतं. तेव्हा उपचार चालू असताना हातात नव्याने मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवायचं.