पडताळ्याचा पडताळा

व्हिएन्नातल्या बोल्ट्समनगासे या रस्त्यावर ५ क्रमांकाच्या इमारतीत, विद्यापीठाच्या गणित संस्थेच्या एका खोलीत, १९२४ पासून काही माणसे गुरुवारी संध्याकाळी जमू लागली. बैठका बोलावत ते मोरित्स श्लिक. तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर बसण्याआधी त्यांनी मॅक्स प्लांक यांच्या हाताखाली भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. हान्स हान गणितज्ञ होते, ओटो नॉयरात समाजशास्त्र आणि अर्थशास्त्रातले. फ्रीडरिख वाइसमान आणि हर्बर्ट फाइगल हे तरुण श्लिक यांच्याभोवतीचे. १९२६ मध्ये रुडोल्फ कार्नाप आले, आणि पुढे जगभर गाजलेला कुर्ट गॉडेलही तिथे येऊन बहुतेक वेळ गप्प बसून ऐकत असे. या मंडळींनी तत्त्वज्ञानाला एक कसोटी लावायची ठरवली. ती इतकी कडक होती की ती लावणाऱ्यांनाच पुढे तिच्यासमोर उभे राहावे लागले.

कसोटी सुचली ती भौतिकशास्त्रावरून. दोन दूरच्या ठिकाणी दोन घटना ‘एकाच वेळी’ घडल्या, असे आपण सहज म्हणतो. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये विचारले, हे ठरवायचे कसे? प्रकाशाचे संकेत आणि घड्याळे वापरून ते ठरवण्याची रीत सांगितली, तरच ‘एकाच वेळी’ या शब्दांना अर्थ येतो. आणि ती रीत नीट मांडली की दिसते, एका निरीक्षकाला ज्या घटना एकाच वेळच्या, त्या वेगात जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकाला तशा नसतात. दोनशे वर्षे सर्वांनी गृहीत धरलेला ‘निरपेक्ष काळ’ एका साध्या प्रश्नापुढे टिकला नाही. श्लिक यांनी १९१७ मध्येच सापेक्षतेवर पुस्तक लिहिले होते. जो प्रश्न भौतिकशास्त्रात इतके साफ करून गेला तो तत्त्वज्ञानाला का विचारू नये, ही या मंडळाची मूळ उमेद होती. ती उमेद खरी होती, हे पुढचे सारे वाचताना विसरता कामा नये.

तत्त्व असे: एखाद्या विधानाला अर्थ आहे म्हणजे ते खरे की खोटे हे अनुभवाने कसे ठरवता येईल ते सांगता येते. यातून एकाच जातीची विधाने वगळलेली. ‘अविवाहित माणसाचे लग्न झालेले नसते’ किंवा ‘सात आणि पाच बारा’ ही विधाने शब्दांच्या आणि चिन्हांच्या नियमांवरूनच खरी ठरतात, त्यांना जगात डोकावण्याची गरज नाही. त्यांना विश्लेषक विधाने म्हणायचे. बाकी प्रत्येक विधानाने पडताळ्याची वाट दाखवायची. जे विधान विश्लेषकही नाही आणि ज्याचा पडताळाही शक्य नाही, ते खोटे नव्हे, तर अर्थहीन. त्यावर वाद घालणेच व्यर्थ.

पडताळा आजच करता आला पाहिजे असा आग्रह नव्हता. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला डोंगर आहेत, हे उदाहरण श्लिक देत असत. त्या काळी तिथे कोणी जाऊ शकत नव्हते, पण गेल्यास काय दिसायला हवे हे माहीत होते. म्हणून विधान अर्थपूर्ण. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत ‘लूना ३’ यानाने त्या बाजूची छायाचित्रे घेतली आणि तत्त्वतः शक्य असलेला पडताळा प्रत्यक्षात आला. याउलट ‘परमसत्ता कालातीत आहे’ या विधानाबद्दल कोणत्या यानाने कोणते छायाचित्र पाठवले तर निकाल लागेल? ते विधान खरे असताना जग जसे दिसेल तसेच ते खोटे असतानाही दिसेल.

ए. जे. एअर हा ऑक्सफर्डचा तरुण १९३२-३३ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात राहून परतला आणि जानेवारी १९३६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याचे ‘लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक’ प्रसिद्ध झाले. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हे तत्त्व कळले ते या पुस्तकातून. ईश्वर आहे हे विधान अर्थहीन. ईश्वर नाही हेही तितकेच अर्थहीन. ‘चोरी वाईट’ हे काही सांगणारे विधानच नव्हे, तो नापसंतीचा उद्गार.

आता हेच तत्त्व समोर ठेवावे. ‘विश्लेषक किंवा पडताळता येण्याजोगे विधानच अर्थपूर्ण असते’ हे स्वतः कोणत्या जातीचे विधान?

ही शंका उशिरा सुचलेली नाही. पोलंडचे रोमान इंगार्डन यांनी १९३४ च्या प्राग इथल्या तत्त्वज्ञान परिषदेत ती मांडली होती. ती एक एक पायरी घेऊन पाहणे बरे. तत्त्व विश्लेषक आहे का? तसे असते तर ते नाकारणाऱ्याच्या बोलण्यात आत्मविसंगती आली असती, ‘अविवाहित माणसाचे लग्न झाले आहे’ म्हणणाऱ्याच्या बोलण्यात येते तशी. पण ‘काही विधाने अर्थपूर्ण असूनही पडताळता येत नाहीत’ असे म्हणणारा, चुकत असला तरी, स्वतःच्या शब्दांना छेद देत नाही. ‘अर्थ’ या शब्दाच्या रूढ वापरात पडताळा आधीच गुंडाळून ठेवलेला नाही. मग ते अनुभवावर तपासायचे विधान मानू. तपासायचे कशावर? लोक कोणत्या वाक्यांना अर्थपूर्ण समजतात, यावर. त्यासाठी माणसांना विचारावे लागेल, भाषेचा वापर पाहावा लागेल. आणि तो पाहिला तर ईश्वराबद्दलची, आत्म्याबद्दलची, न्यायाबद्दलची वाक्ये लोक समजतात, त्यांवर वाद घालतात, त्यांतून निष्कर्ष काढतात. म्हणजे या वाटेने तत्त्व अर्थपूर्ण ठरते खरे, पण खोटेही ठरते. दोन्ही दारे बंद झाली. आणि ते दोन्हींत बसवायचेच नाही म्हटले, तर अशा विधानाला हे तत्त्व स्वतःच अर्थहीन म्हणते.

बुद्धिबळाचे नियम ही बुद्धिबळातली चाल नसते, तेव्हा नियमाने स्वतःला लागू का व्हावे, असे कोणी म्हणेल. उत्तर चांगले आहे, पण इथे पुरत नाही. बुद्धिबळाचा नियम ‘पटावरच्या चाली सोडून जगात काही नाही’ असा दावा करत नाही. या तत्त्वाने मात्र सर्व विधानांबद्दल बोलायचे ठरवले होते आणि तिसऱ्या जातीला जागाच ठेवली नव्हती. विटगेनश्टाइन यांच्या ‘ट्रॅक्टेटस’मध्ये ही अडचण उघड मान्य केलेली आहे: आपल्या पुस्तकातली विधाने अखेर अर्थहीन ठरतात, वर चढून झाल्यावर शिडी टाकून द्यावी तशी ती टाकावीत, असे ते सुचवतात. पण अर्थहीन पायऱ्यांवरून माणूस चढला कसा? सत्ताशास्त्रज्ञालाही अशी एखादी शिडी मग का देऊ नये? नॉयरात यांना ही वाट मुळीच मान्य नव्हती, आणि त्यांचा विरोध पटण्यासारखा आहे.

खरा उपाय कार्नाप यांनी हाती घेतला: तत्त्व हे विधान मानायचेच नाही. तो एक प्रस्ताव. ‘अर्थ’ हा ढिसाळ शब्द आपण विज्ञानाच्या कामासाठी असा नेमका करून घेऊ या, एवढेच त्यातून म्हणायचे. प्रस्ताव खरा किंवा खोटा नसतो; सोयीचा किंवा गैरसोयीचा असतो. किलोग्रॅम स्वीकारा असे सांगणारा काही खोटे बोलत नाही. एअर यांनीही १९४६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तत्त्वाला व्याख्या म्हटले, मात्र ती मनमानी नाही असेही जोडले.

विसंगती यातून मिटते, हे मान्य करायला हवे. ‘तत्त्व स्वतःलाच खोडते’ एवढे म्हणून विषय संपवणारे कार्नाप यांच्यावर अन्याय करतात. पण या सुटकेची किंमत मोठी आहे. व्याख्या विज्ञानाच्या उपयोगासाठी असेल, तर सत्ताशास्त्रज्ञ शांतपणे म्हणू शकतो, ‘तुमच्या व्याख्येप्रमाणे माझे बोलणे अर्थहीन आहे, मी दुसरी व्याख्या घेतो.’ त्याला अडवायला आता फक्त ‘तुम्ही ही व्याख्या घेतली पाहिजे’ एवढे उरते. आणि ‘पाहिजे’चे काय होते? एअर यांच्याच हिशेबात मूल्यवाचक वाक्य म्हणजे भावनेचा उद्गार. १९३६ मध्ये निकाल देणारा न्यायाधीश दहा वर्षांत एका पक्षाचा वकील होऊन बसला होता.

प्रस्ताव म्हणून पाहायचे, तर तो कामाला उतरतो का हे विचारणे रास्त. तिथेही गोष्टी सरळ नव्हत्या. पूर्ण पडताळा मागितला तर ‘सर्व धातू तापवल्यावर प्रसरण पावतात’ हा नियमही बाद होतो, कारण सर्व धातूंचे सर्व तुकडे कोणी कधी तापवणार नाही. म्हणून एअर यांनी कसोटी सैल केली: इतर काही गृहीतांच्या जोडीने विधानातून एखादे निरीक्षण निघत असेल आणि ते निरीक्षण नुसत्या गृहीतांतून निघत नसेल, तर पुरे. आयझाया बर्लिन यांनी १९३९ मध्ये त्यातली गळती दाखवली. ‘हा तर्काचा प्रश्न हिरवागार आहे’ हे निव्वळ निरर्थक वाक्य घ्या. ‘हिरव्याची कोणतीच छटा मला आवडत नाही’ हे गृहीत त्याला जोडा. ‘हा प्रश्न मला आवडत नाही’ हा निष्कर्ष निघाला, आणि तो अनुभवाने तपासता येतो. वाक्य कसोटीला उतरले! एअर यांनी १९४६ मध्ये नियम घट्ट केला. १९४९ मध्ये अलोन्झो चर्च यांनी एका परीक्षणात सिद्ध केले, की परस्परांवर अवलंबून नसलेली तीन निरीक्षणविधाने हाताशी असली की कोणतेही विधान, किंवा निदान त्याचा नकार, या नव्या नियमातूनही आत शिरतो. घट्ट केले तर विज्ञान बाहेर, सैल केले तर सगळेच आत.

या साऱ्यात सहसा निसटणारी एक गोष्ट कार्नाप यांच्या १९३२ च्या गाजलेल्या निबंधात आहे. त्यात त्यांनी हायडेगर यांच्या १९२९ च्या व्याख्यानातली ‘नास्ति’विषयीची वाक्ये तपासली. ‘बाहेर काय आहे?’ याला जर्मनमध्ये ‘बाहेर काही-नाही आहे’ अशा घडणीचे उत्तर देता येते, आणि मग ते ‘काही-नाही’ एखाद्या वस्तूचे नाव असल्यासारखे वाटू लागते. पुढची पायरी म्हणजे हे ‘काही-नाही’ काय करते असे विचारणे. मराठीत ‘घरात कोणी नाही’ म्हटले की नकार क्रियापदात बसतो, त्यामुळे या वळणाने कोणाची फसगत होत नाही. पण ‘अभाव’ किंवा ‘शून्य’ अशी नामे वापरली की आपल्याकडेही तीच वाट उघडते. कार्नाप यांनी दाखवले, की वाक्य तर्काच्या भाषेत मांडले की ते नाम नाहीसे होते. उरते ते ‘अमुक असे काहीही अस्तित्वात नाही’ एवढेच. या कामात पडताळ्याचे तत्त्व कुठेही लागले नाही. ते मागे घेतले तरी हे विश्लेषण जसेच्या तसे उभे राहते.

एअर १९४६ च्या प्रस्तावनेत जवळपास इथेच येऊन पोहोचले. कसोटी पद्धत म्हणून आपण अजूनही वापरू, पण सत्ताशास्त्र खरोखर हटवायचे तर एकेक युक्तिवाद घेऊन त्याची तपशीलवार चिकित्सा करावी लागेल, असे त्यांनी लिहिले. श्लिक हे वाचायला नव्हते. २२ जून १९३६ रोजी, एअर यांचे पुस्तक येऊन सहा महिने होण्याआधीच, व्हिएन्ना विद्यापीठाच्या जिन्यावर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना गोळ्या घातल्या होत्या, आणि त्या गुरुवारच्या मंडळातली बरीच माणसे त्या दशकात इंग्लंड, हॉलंड आणि अमेरिकेत पांगली.