शाखा व्यवस्थापकाला दिलेले आर्थिक अधिकार : दहा हजारांची मर्यादा नेमकी कशावर मोजायची?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सुटलेली एक-दोन आकडेमोड इथे नीट मांडली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज विषय कार्यालयीन आदेशाचा. मुख्य कार्यालय शाखा व्यवस्थापकाला कळवतं, की इतक्या रुपयांपर्यंतचा खर्च तुमच्या सहीने करा. बहुतेक जण त्यातला आकडा वाचतात आणि कागद फाइलला लावतात. भांडणं मात्र आकड्याखालच्या अटींवरून होतात, म्हणून आज अटींवरच बोलू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. समजा, महाड–रायगड रस्त्यावर नात्याला एका पतसंस्थेची शाखा आहे. व्यवस्थापक, रोखपाल आणि एक लिपिक, एवढाच स्टाफ. मुख्य कार्यालय महाडला. (संस्था आणि आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, कायदा मात्र खरा आहे.)

आदेशाची सुरुवात साधारण अशी असते : ‘संचालक मंडळाच्या सभेतील ठरावान्वये, शाखा व्यवस्थापक, शाखा नाते या पदास पुढील मर्यादेत व अटींस अधीन राहून आर्थिक अधिकार प्रदान करण्यात येत आहेत.’ यातले दोन शब्द महत्त्वाचे, ‘ठरावान्वये’ आणि ‘पदास’. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 73 प्रमाणे संस्थेचं व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे संचालक मंडळाकडे असतं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने स्वतःच्या मनाने अधिकार वाटले आणि मागे ठराव नसला, तर त्या आदेशाला पाया नाही. आणि अधिकार माणसाच्या नावाने दिला, तर साहेब रजेवर गेले की शाखेचं लाइट बिलसुद्धा अडकतं. पदाला दिला, की जो लेखी पदभार घेईल त्याच्याकडे तो जातो. पण व्यवस्थापकाने ‘मी नसताना रोखपाल सही करेल’ असं परस्पर ठरवायचं नाही. आपल्याला मिळालेला अधिकार पुढे दुसऱ्याला द्यायचा, तर तशी मुभा मूळ आदेशातच हवी.

आता आकड्याकडे. ‘दुरुस्ती व देखभाल : रु. 10,000 पर्यंत.’ हे वाक्य मी कितीदा वाचलंय, आणि ते अर्धवट आहे. दहा हजार एका बिलाला, एका कामाला, का महिन्याला? जीएसटी धरून का सोडून? 9,800 रुपयांच्या कामावर 18 टक्के कर म्हणजे 1,764. बिल झालं 11,564. व्यवस्थापक म्हणतो, काम मर्यादेत आहे. ऑडिटर म्हणतो, पैसे किती गेले ते सांगा. दोघांचंही बरोबर, चूक आदेश लिहिणाऱ्याची. नीट वाक्य असं : ‘एका कामासाठी, सर्व करांसह, रु. 10,000 पर्यंत, आर्थिक वर्षात एकूण रु. 60,000 पर्यंत, आणि त्या शीर्षाखाली मंजूर अंदाजपत्रकात शिल्लक असेल तरच.’ शेवटचा तुकडा विसरू नका. अधिकार आहे म्हणजे पैसे आहेत असं नाही.

‘एका कामासाठी’ यावरच सगळा खेळ. जूनचा पहिला आठवडा, नात्याच्या शाखेचं छप्पर रेकॉर्ड रूमवर गळतंय. एकूण काम 24,000 चं. व्यवस्थापकाची मर्यादा दहाची, त्याच्या वरची मंजुरी महाडहून. पाऊस दारात. मग काय होतं? पत्र्यांचं बिल 9,800, हुक-वॉशर आणि सीलिंगचं 5,600, मजुरीचं 8,600. तिन्ही मर्यादेत. बेरीज बरोबर 24,000.

ऑडिटरला हे सापडायला वेळ लागत नाही. तो दुरुस्तीचं खातं उघडतो आणि मर्यादेच्या जरा खालच्या रकमा बघतो. मग पुरवठादार एकच आहे का, तारखा जवळजवळ आहेत का, बिल क्रमांक लागोपाठ आहेत का. 212, 213, 215 असे क्रमांक दिसले की संपलं. ‘साहित्य वेगळं, मजुरी वेगळी’ हे उत्तर चालत नाही, कारण छप्पर एकच. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही हीच मनाई आहे : वरिष्ठांची मंजुरी टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडायचे नाहीत. पतसंस्थेला ते नियम थेट लागू नाहीत, पण आदेश लिहिणारे ही अट तिथूनच उचलतात.

यात व्यवस्थापकाने एक पैसा खाल्लेला नसतो, छप्पर खरंच नीट झालेलं असतं. तरी प्रकरण अंगावर येऊ शकतं. सहकार कायद्यात ‘अधिकारी’ या व्याख्येत व्यवस्थापकही येतो. लेखापरीक्षणात नियमाविरुद्ध पैसे दिल्याचं किंवा संस्थेचं नुकसान केल्याचं निघालं, तर कलम 88 खाली चौकशी होऊन रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते. चांगल्या कामासाठी तुकडे पाडणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

मग गळक्या छपराचं करायचं काय? इथे आदेशातली तातडीची अट लागते, आणि आपल्या भागात तीच नीट लिहायला हवी. बऱ्याच आदेशांत असतं : ‘तातडीच्या प्रसंगी मुख्य कार्यालयाची दूरध्वनीवरून पूर्वपरवानगी घ्यावी.’ आता 22 जुलै 2021 आठवा. महाड शहर पाण्याखाली, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. त्याच दिवशी तालुक्यात तळियेला दरड कोसळली. नात्याच्या व्यवस्थापकाने फोन कुणाला लावायचा? मुख्य कार्यालयच पाण्यात.

म्हणून ही अट परवानगीवर न ठेवता हिशोबावर ठेवावी. मी ती अशी लिहीन : ‘रोख, दप्तर, इमारत किंवा माणसांच्या सुरक्षेला तात्काळ धोका असल्यास व्यवस्थापकाने रु. 30,000 पर्यंत खर्च करावा; संपर्क होताच, उशिरात उशिरा 48 तासांत लेखी कळवावे; आणि सात दिवसांत बिले, फोटो व दोन कर्मचाऱ्यांच्या सहीच्या टिपणीसह कार्योत्तर मंजुरी घ्यावी.’ कशाला तातडी म्हणायचं हे त्यातच सांगितलंय. रेकॉर्ड रूमवर पाणी गळतंय, ही तातडी. गळक्या पत्र्याबरोबर पुढच्या पडवीचेही पत्रे बदलून घेतले, ती तातडी नाही, आणि टिपणीत ते वेगळं दिसलंच पाहिजे. कार्योत्तर मंजुरी नाकारली जाऊ शकते, हेही आदेशात लिहा, नाहीतर सगळेच खर्च ‘तातडीचे’ व्हायला लागतात.

रोखीबद्दल एक. छपराची मजुरी 8,600 रोख दिली तर ठीक. पण एकाच दिवशी एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिले, तर काही ठरलेले अपवाद सोडून आयकरात तो खर्च वजावटीला धरत नाहीत. मर्यादा तीस हजार झाली म्हणून रोखीची मर्यादा वाढत नाही. त्यामुळे मोठं बिल चेकने किंवा खात्यावरच द्यायचं.

आणखी एक अट छोट्या शाखेत अवघड जाते : मंजुरी देणारा आणि पैसे देणारा वेगळा हवा. नात्यात तिघेच, तरी व्यवस्थापकाने मंजूर करायचं, लिपिकाने काम किंवा माल बघून बिलावर ‘मिळाले’ लिहायचं, रोखपालाने पैसे द्यायचे, एवढं जमतं. व्यवस्थापकाचं स्वतःचं प्रवासबिल मात्र या आदेशात बसवू नका. ते वर महाडलाच जाऊ द्या.

आदेश हाती आला की शेवटचा परिच्छेद आधी वाचा. तिथे ‘यापूर्वीचे सर्व आदेश अधिक्रमित करण्यात येत आहेत’ असं नसेल, तर जुनी मर्यादा आणि नवी मर्यादा दोन्ही जिवंत राहतात. मग मुख्य कार्यालयाला पत्र टाकून कुठला आदेश चालू ते लेखी मागवा, आणि ते उत्तर येईपर्यंत दोन्हींतली कमी मर्यादा पाळा.