उताऱ्यात ‘शून्य’ दिसलं तरी पैसे असू शकतात : जुनी गुंतवणूक शोधायची कशी?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच घरांत कोणीतरी मुंबई-पुण्याला नोकरीला होतं. त्या काळात एजंटानं म्युच्युअल फंडात थोडे पैसे गुंतवायला लावले, पुढं नोकरी सुटली, गावी परत आलो, पत्ता बदलला आणि कागद ट्रंकेत राहिले. असे पैसे शोधायला एक कागद फार उपयोगी पडतो. त्याला ‘एकत्रित खाते उतारा’ म्हणतात. सातबाऱ्यावर जशा जमिनीच्या नोंदी असतात, तशा या उताऱ्यावर आपल्या पॅनला जोडलेल्या सगळ्या म्युच्युअल फंडांच्या नोंदी एकाच ठिकाणी येतात. मात्र तो वाचता आला पाहिजे. नुसती शेवटची बेरीज बघितली तर फसगत होते.

उतारा मागवताना

म्युच्युअल फंडांचे हिशेब कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्था ठेवतात. camsonline.com वर मागणी केली की दोन्हींकडच्या नोंदींचा एकत्र उतारा ई-मेलवर येतो. पण गुंतवणुकीला जो ई-मेल जोडलेला आहे त्यावरच तो येतो. ई-मेल जोडलेलाच नसेल, तर पॅन आणि आधार घेऊन त्यांच्या जवळच्या सेवा केंद्रात जा आणि आधी मोबाइल व ई-मेल नोंदवून घ्या.

मागणी करताना दोन गोष्टी नीट निवडा. एक, उतारा Summary नको, Detailed हवा आणि तोही गुंतवणूक सुरू झाली त्या वर्षापासूनचा. दोन, शून्य शिल्लक असलेले फोलिओसुद्धा हवेत. फोलिओ म्हणजे फंडातला आपला खाते क्रमांक. ही दुसरी निवड राहिली तर हरवलेले पैसे उताऱ्यात दिसणारच नाहीत. कसे ते पुढच्या उदाहरणात बघू.

एक उदाहरण

समजा, एका ताईच्या नावावर २००८ साली मुंबईत दोन फंड घेतले होते. २०११ च्या सुरुवातीला कुटुंब गावी आलं. फंडात मात्र पत्ता मुंबईचा आणि बँक खातंही मुंबईचंच राहिलं. आज तिनं उतारा काढला. त्यावर एकूण किंमत आहे १४,२५० रुपये. ‘चला, एवढेच आहेत’ म्हणून तिनं कागद घडी करून ठेवला, तर निम्म्याहून जास्त पैसे राहूनच जातील.

आता पहिला फंड बघू. त्यात १,००० युनिट आहेत आणि एका युनिटचा भाव १४.२५ रुपये. म्हणजे १४,२५० झाले. हीच ती बेरीज. पण या फंडाच्या नावात IDCW किंवा जुन्या नावाप्रमाणे Dividend असं लिहिलंय. याचा अर्थ हा फंड मधूनमधून लाभांश वाटतो. व्यवहारांच्या ओळींत बघितलं तर २०१२, २०१३ आणि २०१४ साली प्रत्येक युनिटला १.२० रुपये लाभांश ‘दिला’ अशी नोंद आहे. म्हणजे दर वेळी १,२०० आणि तीन वेळचे मिळून ३,६०० रुपये.

इथंच खरी मेख आहे. उताऱ्यात ‘दिला’ म्हणजे फंडानं पाठवला. तो आपल्याला पोचलाच असं नाही. म्हणून ती तारीख धरून पासबुक तपासायचं. पासबुकात रक्कम नसेल, तर ती परत फंडाकडं जाऊन ‘दावा न केलेली रक्कम’ म्हणून पडून असते. वरच्या १४,२५० मध्ये ती धरलेली नसते.

दुसऱ्या फंडासमोर शिल्लक शून्य आहे. हा तीन वर्षांच्या मुदतीचा फंड होता. २००८ साली १०,००० रुपये भरले आणि २०११ मध्ये मुदत संपल्यावर १४,६०० रुपये काढून दिल्याची नोंद आहे. त्या वेळी धनादेश मुंबईच्या पत्त्यावर गेला आणि ताई तर गावी. युनिट संपले म्हणून शिल्लक शून्य झाली, पण पैसे हातात आलेच नाहीत. ३,६०० आणि १४,६०० मिळून १८,२०० रुपये झाले. म्हणजे उताऱ्याच्या बेरजेत जेवढे आहेत, त्यापेक्षा जास्त बेरजेच्या बाहेर आहेत.

आधी जुनं बँक खातं बघा

फंडाकडं अर्ज करण्यापूर्वी उताऱ्यावर किंवा जुन्या कागदावर कुठलं बँक खातं लिहिलंय ते बघा. ते खातं आपण बंद केलं होतं, की नुसतंच वापरायचं सोडलं होतं? नुसतं सोडलं असेल तर लाभांश त्याच खात्यात जमा झालेला असू शकतो. या उताऱ्यात बँकेची शिल्लक येत नाही, ती वेगळी शोधावी लागते.

दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. तरीही आपला हक्क जात नाही आणि पैसे मागायचे ते आपल्याच बँकेत. खातं पुन्हा चालू करायला शुल्क लागत नाही. दहा वर्षांवरची खाती udgam.rbi.org.in वर नाव टाकून शोधता येतात. तिथं सगळ्या बँका नाहीत, म्हणून जिल्हा बँकेतलं किंवा एखाद्या सहकारी बँकेतलं जुनं खातं असेल तर शाखेत जाऊनच विचारा.

अर्ज करताना

खात्यातही पैसे नाहीत असं दिसलं, की फंडाच्या किंवा त्याच्या सेवा केंद्रात फोलिओ क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून अर्ज द्या. सोबत केवायसी, नवा पत्ता आणि चालू खात्याचा नाव छापलेला रद्द धनादेश लागतो. गाडं बहुतेक वेळा अडतं ते नावावर. फंडात माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद आधीच जवळ ठेवा. मूळ रक्कम कितीही वर्षांनी मिळते. पडून राहिलेल्या रकमेवरचं उत्पन्न मात्र पहिल्या तीन वर्षांपुरतंच मिळतं.

उताऱ्यात काय सापडणार नाही

पॅन न जोडलेले जुने फोलिओ यात येत नाहीत. त्यांच्यासाठी सेबीनं २०२५ साली ‘मित्र’ नावाची शोधसुविधा सुरू केली. ती कॅम्स आणि केफिनटेकच्या संकेतस्थळांवर आहे. नाव, जुना पत्ता, जन्मतारीख अशा माहितीवर तिथं शोधता येतं.

कागदी शेअर प्रमाणपत्रंही या उताऱ्यात दिसत नाहीत. कंपनीचा लाभांश सात वर्षं कोणी घेतला नाही तर तो सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातो आणि सलग सात वर्षं असं झालं तर शेअरसुद्धा तिकडंच जातात. ते iepf.gov.in वर शोधता येतात आणि तिथला अर्ज भरायला सरकारी शुल्क नाही. ‘पैसे सोडवून देतो, इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्याला ओटीपी आणि सही केलेले कोरे कागद देऊ नका.

ट्रंकेतले जुने कागद मात्र टाकू नका. त्यावरचा फोलिओ क्रमांक आणि जुना पत्ता हाच शोधाचा धागा असतो. पुढच्या बैठकीला येताना ते कागद आणि जुनी पासबुकं सोबत आणा. गटाच्या पासबुकावर आपण जशी एकेक ओळ बोट ठेवून वाचतो, तसाच हा उताराही वाचायचा आहे.