चष्म्याच्या काडीतला आवाज

ऑडिओ चष्मा वापरताना कानात काहीही घालावे लागत नाही. चष्म्याची काडी कानाजवळ थोडी जाड असते आणि तिच्या पोटात एक छोटा स्पीकर बसवलेला असतो. त्याचा आवाज काडीवरच्या छिद्रातून बाहेर पडतो आणि दोन-चार सेंटीमीटर हवा ओलांडून कानात शिरतो. कान मोकळाच असल्यामुळे मागून आलेल्या गाडीचा हॉर्नही ऐकू येतो. बोस कंपनीचे ‘फ्रेम्स’ २०१९ मध्ये बाजारात आले. रे-बॅन आणि मेटा यांनी २०२१ मध्ये आणलेल्या कॅमेऱ्याच्या चष्म्यातही असेच स्पीकर होते.

हे स्पीकर ‘दिशादर्शी’ असतात असे सांगितले जाते. त्यावरून टॉर्चच्या झोतासारखा आवाज कानावर सोडला जात असेल, असे वाटते. तसे घडत नाही. ध्वनीचा झोत करायचा तर त्याचा उगम तरंगलांबीपेक्षा बराच मोठा असावा लागतो. ५०० हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी सुमारे ६९ सेंटीमीटर असते. काडीत मावणाऱ्या स्पीकरला ती आवरणे शक्य नाही.

म्हणून इथे दुसरी युक्ती वापरतात. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. साध्या स्पीकरमध्ये मागचा आवाज डबीत कोंडून टाकतात. चष्म्यात मात्र त्यालाही वेगळ्या छिद्रातून बाहेर सोडतात. पुढचे छिद्र कानाच्या जवळ असते, मागचे थोडे दूर. दूर उभ्या असलेल्या माणसापर्यंत हे दोन्ही आवाज जवळपास सारख्याच जोराने, पण उलट्या चालीने पोहोचतात आणि एकमेकांना खोडतात. कानाला एक छिद्र अगदी जवळ असल्याने त्याचाच आवाज वरचढ ठरतो.

आकडेमोड केली की हे स्पष्ट होते. समजा, पुढचे छिद्र कानापासून २ सेंटीमीटरवर आहे, मागचे ५ सेंटीमीटरवर, आणि शेजारी १ मीटरवर बसला आहे. एकच छिद्र असते तर निव्वळ अंतरामुळे शेजाऱ्याकडे आवाज सुमारे ३४ डेसिबलने कमी झाला असता. दोन छिद्रांमुळे ५०० हर्ट्झला ही घट सुमारे ४१ डेसिबल होते आणि २०० हर्ट्झला सुमारे ४९. वापरणाऱ्याच्या कानावर ७५ डेसिबल पडत असेल, तर ५०० हर्ट्झचा भाग शेजाऱ्याकडे साधारण ३४ डेसिबलने पोहोचतो. शांत खोलीत तो जेमतेम जाणवेल, चालत्या बसमध्ये मुळीच नाही. हा हिशेब डोक्याचा अडथळा आणि भिंतींवरून येणारा परावर्तित ध्वनी सोडून केलेला आहे.

वरच्या पट्टीत मात्र ही युक्ती फसते. ५००० हर्ट्झला तरंगलांबी ७ सेंटीमीटरच्या आत येते. दोन छिद्रांमधले ३ सेंटीमीटर अंतर तिच्या जवळजवळ निम्मे आहे. त्यामुळे छिद्रांच्या रेषेत बसलेल्या माणसाकडे दोन्ही आवाज खोडले न जाता एकमेकांत मिसळून वाढतात आणि घट ३१ डेसिबलवर येते, म्हणजे एका छिद्रापेक्षाही कमी. शेजाऱ्याला गाण्यातला ठेका ऐकू येत नाही, पण झांजेची किणकिण येते. बोलण्यातले स्वर विरतात, ‘स’ आणि ‘श’ उरतात. शब्द कळले नाहीत तरी काहीतरी वाजते आहे हे कळते, ते यामुळेच.

खालच्या पट्टीची किंमत वापरणाऱ्यालाही मोजावी लागते. मागचा आवाज थोडा कानापर्यंतही येतो आणि तिथला खर्ज खातो. चष्मा सैल बसला आणि पुढचे छिद्र ४ सेंटीमीटरवर, मागचे ७ सेंटीमीटरवर गेले, तर खालच्या पट्टीत कानावरचा आवाज आणखी सुमारे ९ डेसिबलने उतरतो. मग तो भरून काढायला आवाज वाढवला जातो आणि गळतीही तेवढीच वाढते. मागचे छिद्र टोपीखाली किंवा स्कार्फखाली दाबले गेले तर उलटा आवाज बाहेर येत नाही, खोडण्याची क्रिया थांबते आणि खालच्या पट्टीतला आवाजही दूरवर जाऊ लागतो. छिद्र झाकल्याने गळती थांबेल ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

गळती किती आहे हे वापरणाऱ्याला स्वतः कळत नाही, कारण त्याच्या कानाशी आवाज नेहमीच मोठा असतो. चष्मा दुसऱ्याला घालायला द्यावा, नेहमीच्या आवाजावर एखादे भाषण लावावे आणि शांत खोलीत हातभर अंतरावर बसून ऐकावे. मग बाजूला, पुढे आणि मागे सरकून पाहावे, कारण गळती सगळ्या दिशांना सारखी नसते. रस्त्यावर वाढवलेला आवाज लिफ्टमध्ये किंवा वाचनालयात शिरताना कमी केला नाही, तर आजूबाजूचा गोंगाट हटताच तो इतरांना ऐकू येऊ लागतो. खासगी फोनसाठी मात्र कानात बसणारे इअरफोनच बरे.