सगळ्यात मोठी कँडल आणि खरा तळ

अमेरिकेच्या एस अँड पी ५०० या निर्देशांकाचा २००८ चा दैनिक चार्ट उघडा. १० ऑक्टोबर, शुक्रवार या दिवसापर्यंत या आणि पुढचा सगळा भाग वहीच्या पानाने झाकून टाका. आता जे दिसतं त्याच्याकडे नीट बघा, कारण तळ ओळखायच्या पाठ्यपुस्तकात छापावी अशीच ती कँडल आहे.

सात दिवस आधीच, ३ ऑक्टोबरला, बँकांना वाचवण्याचा कायदा मंजूर झाला होता, तरीही हा आठवडा वाईट गेला. पाच दिवसांत निर्देशांक १८ टक्के कोसळला होता. शुक्रवारी बाजार उघडला ९०२ च्या आसपास आणि उघडताच तोंडावर आपटला. काही वेळातच आकडा ८३९.८० ला टेकला. तिथून खरेदी आली, भाव वर चढला, दिवसभरात ९३६ पर्यंतही जाऊन आला आणि ८९९ वर बंद झाला. म्हणजे उघडला तिथेच जवळपास बंद, आणि खाली साठ अंकांची लांबलचक शेपटी. खालच्या पट्टीत व्हॉल्यूमचा खांब तर सगळ्यांच्या डोक्यावरून वर गेलेला: सुमारे साडेअकरा अब्ज शेअर्स. त्या उन्हाळ्यातल्या शांत दिवसांच्या दुपटीहून खूपच जास्त.

बाजारातली माणसं याला कॅपिट्युलेशन म्हणतात. आपल्या भाषेत, हत्यारं टाकणं. मला हा शब्द थोडा फसवा वाटतो, कारण तो ऐकून डोळ्यांसमोर येतो तो घाबरून विकणारा छोटा गुंतवणूकदार. अशा दिवशी विकणाऱ्यांतले बरेचसे घाबरलेले नसतात, अडकलेले असतात. उधारीवर शेअर्स घेतलेल्याला मार्जिन कॉल येतो. पैसे भरता आले नाहीत की ब्रोकर त्याचा माल मिळेल त्या भावाला स्क्वेअर ऑफ करतो. म्युच्युअल फंडाकडे लोक पैसे परत मागायला येतात आणि मॅनेजरला शेअर कितीही आवडत असला तरी विकावाच लागतो. या विक्रीला भावाचं सोयरसुतक नसतं. म्हणून भाव काही मिनिटांत इतका खोल जातो, आणि म्हणूनच ही विक्री संपली की तितक्याच वेगाने उसळतो.

व्हॉल्यूमचा अर्थही इथे नीट लावायला हवा. विकलेला प्रत्येक शेअर कुणीतरी विकत घेतलेला असतो. साडेअकरा अब्ज विकले गेले म्हणजे तितकेच घेतलेही गेले. मोठा खांब एवढंच सांगतो की त्या दिवशी माल प्रचंड प्रमाणात एका हातातून दुसऱ्या हातात गेला. नवा हात धीराचा आहे की सोमवारी चार पैसे सुटले की निघून जाणारा, हे खांबावर लिहिलेलं नसतं.

आता वहीचं पान तीन दिवस पुढे सरकवा.

शनिवार-रविवारी जगातले अर्थमंत्री वॉशिंग्टनमध्ये जमले, युरोपातल्या सरकारांनी आपापल्या बँकांच्या पाठीशी उभं राहण्याची घोषणा केली. सोमवारी, १३ ऑक्टोबरला, एस अँड पी एका दिवसात साडेअकरा टक्क्यांहून जास्त वाढला. मंगळवारी सकाळी तो १,०४४ ला पोचला. शुक्रवारच्या तळापासून मोजलं तर अवघ्या तीन सत्रांत चोवीस टक्के! ज्याने शुक्रवारी घेतलं नाही त्याने कपाळावर हात मारून घेतला असणार.

पण खालच्या पट्टीकडे बघा. सोमवारचं व्हॉल्यूम होतं सव्वासात अब्जाच्या आसपास. शुक्रवारच्या पडझडीच्या मानाने एक तृतीयांशाहून जास्त कमी. भाव साडेअकरा टक्के वर आणि उलाढाल खाली, याचा साधा अर्थ असा की भाव वर गेला तो घेणाऱ्यांची रांग लागली म्हणून नव्हे, तर विकणारे क्षणभर बाजूला झाले म्हणून. त्यात ज्यांनी आधी शॉर्ट केलं होतं त्यांची घाईघाईची खरेदी मिसळलेली. शॉर्टवाला घेतो तो देणं फेडायला. त्याचं देणं फिटलं की तो परत घ्यायला येत नाही. बाजारात याला मेलेल्या मांजराची उडी म्हणतात. उंचावरून टाकलं तर मेलेलं मांजरसुद्धा एकदा उसळतं.

मंगळवारी १,०४४ वरून बाजार घसरला आणि ९९८ ला बंद झाला. बुधवारी नऊ टक्के पडला. गुरुवारी मधेच ८६६ पर्यंत आला. तळापासून जी दोनशे चार अंकांची कमाई झाली होती तिच्यातले एकशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे दर शंभरातले सत्त्याऐंशी, दोन दिवसांत परत गेले.

मी स्वतः सगळ्यात जास्त याच मोजमापाकडे बघतो. उडी किती उंच होती याला फारसं महत्त्व नाही, पडझडीनंतर दहा-बारा टक्क्यांचे दिवस येतच असतात. उडीनंतर पहिल्यांदा विक्री आली तेव्हा कमावलेल्यातलं किती टिकलं, हे बघायचं. तीस-चाळीस टक्के गेलं तर ठीक. ऐंशी-नव्वद टक्के गेलं तर घेणारे पाहुणेच होते असं समजावं.

तरीही तळ लगेच फुटला नाही, आणि इथेच हे प्रकरण सरळसोट उरत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी निर्देशांक दोन दिवस ८४६-८४५ पर्यंत आला, ८४० च्या वर तरला आणि ४ नोव्हेंबरला पुन्हा हजाराच्या वर बंद झाला. तळ तपासला गेला आणि टिकला, असं कुणीही प्रामाणिकपणे म्हटलं असतं. नऊ दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, तो ८१९ पर्यंत खाली गेला आणि त्याच दिवशी उलटून जवळजवळ सात टक्के वर बंद झाला. पुन्हा तीच सुंदर शेपटी. आठवडाभरात बाजार ७५२ वर. २१ नोव्हेंबरला ७४१. तिथून नाताळ आणि नववर्षाच्या पातळ उलाढालीत सत्तावीस टक्क्यांची चढण, ६ जानेवारीला ९४४. आणि मग दोन महिने घसरण, थेट ६६६.७९ पर्यंत. तारीख ६ मार्च २००९.

१० ऑक्टोबरच्या कँडलनंतर बाजार आणखी पाच महिने आणि वीस टक्के खाली गेला होता.

या तीन तळांचं व्हॉल्यूम शेजारी ठेवलं की एक गोष्ट दिसते. ऑक्टोबरमध्ये साडेअकरा अब्ज, नोव्हेंबरमध्ये साडेनऊ, मार्चमध्ये सव्वासात. भाव प्रत्येक वेळी खाली, पण विकणारे प्रत्येक वेळी कमी. नव्या नीचांकाला गेलेल्या कंपन्यांचंही तसंच: ऑक्टोबरमध्ये जवळजवळ सगळा बाजार एकदम वर्षाच्या तळाला होता, मार्चमध्ये निर्देशांक त्याहून खोल असूनही तशा कंपन्या कितीतरी कमी होत्या. म्हणजे विक्रीचा कळस आणि भावाचा तळ या दोन वेगळ्या तारखा निघाल्या. मोठ्या मंदीत असं वारंवार होतं. मोठी कँडल सांगते की विकण्याचा जोर शिगेला पोचला. तो संपला की नाही, हे नंतरच कळतं.

६ मार्चची कँडल तर बघण्यासारखीही नाही. त्या सकाळी फेब्रुवारीचे रोजगाराचे आकडे आले होते: साडेसहा लाख नोकऱ्या गेलेल्या, बेरोजगारी ८.१ टक्के. बाजार पडला, आणि संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा नखभर वर बंद झाला. ऑक्टोबरमध्ये सरकारांनी चांगली बातमी दिली आणि तीन दिवसांत बाजाराने तिचा फायदा घालवला. मार्चमध्ये वाईट बातमी आली आणि बाजार पडेना. मंगळवारी, १० मार्चला, सव्वासहा टक्क्यांची उसळी आली आणि या वेळी उलाढाल साडेआठ अब्जांवर गेली, तळाच्या दिवसापेक्षा जास्त. विल्यम ओ'नील या अमेरिकन गुंतवणूकदाराने उसळीच्या चौथ्या दिवसापासून पुढे वाढत्या व्हॉल्यूमसह येणारा जोरदार दिवस ही तळाची खूण मानली होती. ती खूणही फसते, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे: पहिले तीन दिवस शॉर्टवाल्यांचे असतात, त्यानंतर जो येतो तो स्वतःच्या मनाने येतो.

त्याच वादळात दलाल स्ट्रीटवर काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारा असं धरून चालेल की पहिला तळ नेहमीच खोटा. २७ ऑक्टोबर २००८, लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस. निफ्टी २,२५३ पर्यंत कोसळला आणि तिथून पावणेतीनशे अंक वर येऊन २,५२४ ला बंद झाला. तशीच शेपटी, तशीच धांदल. नोव्हेंबरमध्ये वॉल स्ट्रीटचा तळ फुटला तेव्हा निफ्टी २,५०० च्या आसपास थांबला. मार्चमध्ये न्यूयॉर्क बारा वर्षांच्या नीचांकाला गेलं तेव्हाही तो २,५०० च्या वरच राहिला. कँडल दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडचा तळ फुटला, दुसरीकडचा राहिला, आणि फरक कळला तो परत खाली आल्यावरच.

निर्देशांकाला लागू पडणारं हे सगळं एखाद्या छोट्या शेअरला जसंच्या तसं लावू नये. लोअर सर्किटला अडकलेल्या शेअरमध्ये घेणाराच नसतो, म्हणून व्हॉल्यूम नाहीसं होतं. सर्किट उघडलं त्या दिवशी जो खांब उभा राहतो तो बऱ्याचदा आतल्या माणसांची सुटका असते. तिथे एनएसईच्या संकेतस्थळावरची डिलिव्हरीची टक्केवारी पाहावी. दहा शेअर्सच्या उलाढालीत खात्यात जमा झाले दोनच, तर बाकीचे आठ संध्याकाळपर्यंत हातातून हातात फिरून गेले.

थांबण्याची किंमतही असते. १० ऑक्टोबरला ८९९ ला घेणाऱ्याने मार्चपर्यंत पंचवीस टक्के तोटा पाहिला, पण पैसे स्वतःचे असतील तर मे २००९ मध्ये तो त्या भावाच्या वर येऊन बसला. उधारीवर घेणारा मार्चपर्यंत टिकला नसता. त्याचेच शेअर्स पुढच्या मोठ्या खांबात जमा झाले असते.

आणि जो थांबला त्याला संधी मिळाली ती ३० मार्चला. तोवर एस अँड पी ८३३ पर्यंत चढला होता. त्या सोमवारी तो साडेतीन टक्के पडला, मधे ७८० ला टेकला. लाल, मध्यम आकाराची, उलाढाल जेमतेम सहा अब्ज. एकशे सहासष्ट अंकांच्या चढणीतले त्रेपन्न परत गेले होते, साधारण एक तृतीयांश. त्या कँडलचा फोटो कुठल्याही पुस्तकात नसतो.